आईसाठी काढलेलं गुलाबपाणी

आईला वास येत नाही हे आम्हाला कळलं ते जळलेल्या वरणामुळं. साथीच्या तापातून ती उठून महिना झाला होता. एका दुपारी मी झोपेतून जागी झाले तर घरभर करपल्याचा वास कोंडला होता, आणि आई ओट्यापासून तीन हातांवर बसून शांतपणे मेथी निवडत होती. मी धावत जाऊन गॅस बंद केला. पातेल्याचं बूड काळं पडलं होतं. आई माझ्याकडं बघत राहिली, मग हातातली मेथीची काडी खाली ठेवून म्हणाली, "मला काहीच येत नाय गं वास. ताप गेल्यापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"येईल की म्हणलं. त्याच्यात काय सांगायचं."

कान-नाक-घशाच्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी नीट तपासलं आणि औषधाची चिठ्ठी लिहायच्या ऐवजी एका कागदावर चार वास लिहून दिले: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. एकेक वास वीस सेकंद नाकाजवळ धरायचा, मधे थोडं थांबायचं. "नुसतं हुंगू नका काकू," त्या म्हणाल्या. "तो वास पूर्वी कसा यायचा ते मन लावून आठवा. नाकाला पुन्हा शिकवायचंय. काही महिने लागतील. येईलच असं वचन मी देत नाही."

लवंग घरात होतीच. निलगिरीचं तेल मेडिकलमधून आणलं, लिंबू रोज नवं कापायचं ठरलं. गुलाबासाठी अण्णा, म्हणजे माझे वडील, जुन्या शहरातल्या एका दुकानातून अत्तराची बारकी कुपी घेऊन आले. आईनं आठ दिवस इमानेइतबारे चारही वास हुंगले. नवव्या दिवशी तिनं कुपी फळीवर सरकवून ठेवली.

"काय झालं?" अण्णांनी विचारलं.

"आठवा म्हणत्यात. काय आठवू? ह्या बाटलीतला गुलाब मी कधी बघितला पण नाय. आमच्या मळ्यातला असता तर आठवला तरी असता."

आईचं माहेर बिडकीनच्या अलीकडं. तिच्या वडिलांच्या मळ्यात मोटारीच्या खोलीला लागून देशी गुलाबाची एक ओळ होती आणि पाटाच्या कडेनं गवती चहा माजलेला असायचा. लहानपणी सुट्टीत मी तिथं जायचे. आता तिथं रुंद डांबरी रस्ते आहेत, विजेचे उंच खांब आहेत आणि कारखान्यांसाठी आखून ठेवलेले मोकळे तुकडे. जमीन गेली त्या वर्षी आईनं गुलाबाची दोन रोपं आणि गवती चहाचं एक ठोंब आमच्या सिडकोतल्या घरी आणलं. गुलाब दोन्ही मेले. गवती चहा तेलाच्या डब्यात जगला, वाढला आणि एकाचे चार डबे झाले.

 आई मळ्याबद्दल बोलली त्याच्या दुसऱ्या दिवशी जेवताना अण्णा म्हणाले, "देशी गुलाब खुलताबादला मिळतो. पाणी मी काढतो. वाफेचं काम आहे, दुसरं काय?"

अण्णा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात जन्मभर बॉयलरवर होते. वाफेबद्दल ते घरच्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलायचे. मी मोबाईलवर एक व्हिडिओ काढून त्यांना दाखवला. त्यात एकानं प्रेशर कुकरची शिट्टी काढून तिथं नळी खोचली होती आणि नळीचं वेटोळं पाण्याच्या बादलीतून नेलं होतं. अण्णांनी अर्ध्यातच मोबाईल परत दिला.

"हे आपल्या घरात नाय. एक पाकळी जाऊन त्या भोकात बसली की संपलं. वाफेला वाट द्यावी लागती, पोरी. नाय दिली तर ती स्वतः काढती."

त्यांनी निवडली ती साधी रीत. लग्नकार्यात वापरायचं आमचं मोठं स्टीलचं पातेलं. त्याच्या तळाशी मधोमध एक पालथी जड वाटी, आणि तिच्यावर पाणी धरायला रुंद कटोरा. वाटीच्या भोवतीनं पाकळ्या आणि त्या जेमतेम बुडतील इतकं पाणी, कटोऱ्याच्या बराच खाली राहील असं. वर घुमटासारखं झाकण, पण उलटं, मूठ आतल्या बाजूला. झाकणाच्या खोलगट पाठीवर बर्फ. पाणी उकळलं की वाफ वर जाते, गार झाकणाला लागून तिचे थेंब होतात, थेंब उतारानं मुठीपाशी गोळा होतात आणि मुठीवरून खाली कटोऱ्यात पडतात. काळ्या प्लास्टिकची मूठ तापली की तिचाच वास उतरतो, म्हणून अण्णांनी स्टीलच्या मुठीचं झाकण शोधायला दोन बाजार पालथे घातले. झाकणावर वजन ठेवायचं नाही, कणकेनं सांध बुजवायची नाही. जास्तीची वाफ कडेनं जाऊ द्यायची. थोडं पाणी वाया जातं, ते जाऊ द्यायचं.

थंडी सरत आली होती. अण्णा पहाटेच्या बसनं खुलताबादला गेले आणि एका शेतकरीण बाईकडून अर्धा किलो पाकळ्या घेऊन नऊच्या आत परत आले. त्यांनी त्या बाईला औषध फवारलंय का म्हणून तीन-तीनदा विचारलं असणार, कारण तिनं दिलेलं उत्तर ते पुढं कित्येक दिवस तिच्याच हेलात म्हणून दाखवत होते: "दवा नै मारे बाबा, कितने बार बोलूँ!"

मला त्या शनिवारी कामावर जायचं होतं. शेंद्र्याच्या एका कारखान्यात मी पॅकिंगची सुपरवायझर आहे, आणि त्या आठवड्यात माझी पहिली पाळी होती. निघताना मी एवढंच बघितलं की आई ओट्यापाशी स्टूल टाकून बसलीय आणि मांडून ठेवलेल्या रिकाम्या पातेल्याकडं बघतेय. ताप आल्यापासून मी तिला इतक्या उत्सुकतेनं कशाकडं बघताना पाहिलं नव्हतं. अण्णांना पेन्शनच्या कामासाठी बँकेत जायचं होतं, त्यामुळं पातेलं प्रत्यक्ष चढलं ते दुपारनंतर.

साडेतीनला मी फाटक उघडलं आणि दारातच थबकले. गॅसचा वास. दार उघडलं तसा तो अंगावरच आला.

स्वयंपाकघराची खिडकी घट्ट लावलेली होती, वाऱ्यानं ज्योत हलू नये म्हणून. पातेल्याच्या कडेनं गुलाबी फेस ओघळून शेगडीवर सांडला होता आणि बर्नर विझला होता. बटण चालूच. आई पातेल्याखाली वाकून बघत होती आणि तिच्या उजव्या हातात लायटर होता.

"आई, नको!"

ती दचकली. मी जाऊन तिच्या हातातून लायटर ओढून घेतला, बटण फिरवलं, वाकून सिलेंडरचा रेग्युलेटर बंद केला आणि तिला मनगटाला धरून अंगणात आणलं. परत जाऊन खिडकी उघडली, मागचं दार उघडलं. पंख्याच्या बटणाकडं हात गेला होता तो मागं घेतला, कारण बटणाच्या एका ठिणगीनंही भडका उडाला असता. मग मीही बाहेर आले. 

तेवढ्यात अण्णा आले. झाकणावरचा बर्फ संपत आला म्हणून ते कोपऱ्यावरच्या रसवंतीतून बर्फाचा तुकडा आणायला गेले होते. हातात ओली गोणपाटाची पिशवी. त्यांनी आमच्याकडं बघितलं, नाक वर करून एकदा श्वास घेतला, आणि पिशवी त्यांच्या हातातून खाली गेली.

"किती वेळ गेलो असंल मी? दहा मिनिटं. दहा मिनिटंच ना?"

आई पायरीवर बसली होती. ती म्हणाली, "विझलेला दिसला म्हणून पेटवत होते. मी उभी होते की तिथंच. तिथंच उभी होते." तेच वाक्य तिनं पुन्हा पुन्हा म्हटलं, आणि मग पदर तोंडात धरून रडायला लागली. अण्णा तिच्या शेजारी बसले. गोणपाटातला बर्फ फरशीवर वितळत होता आणि त्या दोघांपैकी कुणालाही तो उचलायचं सुचत नव्हतं.

त्यानंतर आई स्वयंपाकघरात एकटी जायची बंद झाली. चहा टाकायचा तरी मला किंवा अण्णांना हाक मारायची. चार वासांचं ताट तिनं झाकून ठेवलं. अण्णांनी दोनदा आठवण केली तर म्हणाली, "जाऊ द्या. नाय तर नाय. वासावाचून कोण मरतंय?" त्याचं उत्तर आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

अण्णा स्वतःला दोष देत होते. सबंध आयुष्यात बॉयलर चालू असताना त्यांनी पाठ फिरवली नव्हती, आणि स्वतःच्या घरात, वास न येणाऱ्या बायकोला राखण बसवून ते बर्फाला गेले. पातेलं गळ्यापर्यंत भरलं ही त्यांचीच चूक होती, हेही त्यांनी कबूल केलं. काही दिवसांनी त्यांनी मागच्या अंगणात, पत्र्याखाली, विटांचा कमरेएवढा ओटा रचला. पाण्याच्या नळापासून लांब. त्यावर विजेची शेगडी ठेवली, तिला जाड तीनपदरी वायर आणि अर्थिंग स्वतः जोडून घेतलं. भिंतीला खडूनं लिहिलं: पातेलं अर्ध्याच्या वर नाही. पाणी आटू द्यायचं नाही. दोन माणसं असल्याशिवाय चालू करायचं नाही.

"हे कुणासाठी?" मी विचारलं.

"माझ्यासाठी," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी त्यांनी आणि मी तिथं पातेलं चढवलं. आई आतच होती. पाणी उकळायला लागलं तशी जाळीच्या दारातून तिचा आवाज आला, "अहो, लई जोरात उकळतंय. कमी करा."

आम्ही शेगडीचं बटण खाली आणलं. थोड्या वेळानं ती दारात आली. मग ओट्यापाशी. मग तिनं झाकणाला कान लावल्यासारखी मान कलती केली आणि म्हणाली, "थेंब पडायलेत. ऐकू येतंय." मला काही ऐकू येत नव्हतं. त्या दिवसापासून आई अंगणातल्या भट्टीची मालकीण झाली. उकळीचा आवाज किती हवा, बर्फ कधी बदलायचा, वितळलेलं पाणी पळीनं कसं काढून घ्यायचं, हे सगळं ती डोळ्यांनी आणि कानांनी ओळखायची. झाकण उघडायचं तर आधी आपल्यापासून लांबची कड उचलायची म्हणजे वाफ पलीकडं जाते, हे अण्णांनी शिकवलेलं ती आता मला शिकवायची.

एक गोष्ट मात्र तिला करता येत नव्हती. थांबायचं कधी, ते. अर्धा किलो पाकळ्यांवर दीड लिटर पाणी घातलं तर चांगलं गुलाबपाणी अर्धा लिटर मिळतं. सुरुवातीचं सगळ्यात दाट वासाचं. अर्ध्या लिटरच्या पुढं वास पातळ होत जातो आणि मग नुसतं उकडलेल्या पाल्याचं पाणी उतरतं. लोभ केला तर चांगल्या पाण्यात हे मिसळून सगळंच बिघडतं. म्हणून झाकण जरा उचलून चमचाभर पाणी काढायचं, गार करायचं आणि हुंगायचं. ते काम माझं.

"कसा येतो?" आई विचारायची.

"छान."

"छान म्हंजे काय? नीट सांग."

मला सांगता यायचं नाही. वासाला आपल्याकडं शब्द किती थोडे आहेत हे मला त्या ओट्यापाशी उभं राहून कळलं. मी चमचा पुन्हा नाकाला लावायचे आणि धडपडत काही तरी म्हणायचे. "पाटीवर पाणी शिंपडल्यासारखा. आणि मागं काही तरी गोड, पेटीतल्या साडीसारखं."

आई डोळे मिटायची. "आमच्या गुलाबाला शेवटी मधासारखं काही तरी यायचं. बघ, ते आहे का?"

मी पुन्हा हुंगायचे. कधी ते असायचं. कधी नसायचं आणि मी नाही म्हणून सांगायचे, कारण खोटं सांगितलं तर तिच्या नाकाला चुकीचं शिकवलं जाईल असं मला वाटायचं. मळ्याबद्दल आई आयुष्यात जितकं बोलली नव्हती तितकं त्या रविवारांमध्ये बोलली. मोटारीच्या खोलीतला ओल्या पट्ट्याचा वास, तिच्या वडिलांच्या पटक्याचा, उन्हात तापलेल्या गुलाबाच्या खालच्या मातीचा. तिला ते सगळं आठवत होतं. फक्त येत नव्हतं.

पहिल्या दिवशीचं पाणी बाटलीत भरलं तेव्हा मी निराश झाले होते. त्याला कोबी शिजल्यासारखा वास होता. अण्णा ते मोरीत ओतायला निघाले, पण खुलताबादच्या बाईला फोन केला तर ती हसली. "उसको चार दिन सोने दो." खरंच, उकळून घेतलेल्या काचेच्या बाटलीत, फ्रिजमध्ये ते चार दिवस झोपलं आणि पाचव्या दिवशी झाकण उघडलं तर गुलाब होता. साधा, थोडासा हिरवट, फांदीवरचा.

बाटल्या जमायला लागल्या तशी शेजारीही चौकशी करायला लागले. पलीकडच्या काकूंना आधी शंका होती. पत्रा, वाफ, पातेलं बघून त्यांनी भिंतीवरून विचारलं होतं, "वहिनी, हातभट्टी तर नाय ना लावली?" आई खूप दिवसांनी खळखळून हसली. म्हणाली, "आंबवलंय कुठं काय? ताज्या पाकळ्या अन् पाणी, बघा या." त्याच काकूंचं पुढं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी डोळ्यात घालायला बाटली मागितली. तेव्हा मात्र आई हसली नाही. "तोंडाला लावा. डोळ्यात नाय. हे घरचं पाणी आहे, औषध नव्हे. डॉक्टरांनी दिलेलंच घाला." दोन महिने झालेली किंवा जराशी गढूळ दिसलेली बाटली ती कुणाला न विचारता झाडांना ओतून टाकायची.

उन्हाळ्यात गुलाब कमी झाला तेव्हा आम्ही गवती चहाकडं वळलो. तो बारीक कापून अर्धा दिवस सावलीत सुकू द्यायचा, मग त्याच पातेल्यात. इथं अण्णांना फार मोठा आनंद झाला. गुलाबाच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसेल म्हणून ते दर वेळी कटोरा उजेडात धरायचे आणि दर वेळी हिरमुसायचे. एवढ्याशा पाकळ्यांत तेल डोळ्याला दिसण्याइतकं नसतंच. गवती चहाच्या पाण्यावर मात्र पिवळसर गोल ठिपके तरंगत होते. त्यांनी औषधाच्या ड्रॉपरनं ते टिपून घेतले. किलोभर गवतातून अर्धा चमचाही भरला नसेल, पण अंगणभर त्याचा घमघमाट. आईनं ते हौसेनं मनगटाला चोळलं आणि तासाभरात तिथं लाल चट्टा उठला. मग ते तेल कापसाच्या बोळ्यावर एक थेंब, आणि फक्त हुंगायला, असं ठरलं. लिंबाच्या जागी आई तेच घ्यायला लागली.

पावसाळ्याच्या मध्यावर तिला वास यायला लागले, पण भलतेच. कांदा परतला की जळक्या टायरचा, चहाचाही तोच. तिनं जेवण जवळजवळ सोडलं. डॉक्टर म्हणाल्या, हे चांगलं लक्षण आहे, तारा पुन्हा जोडल्या जातायत, काही चुकीच्या जागी लागतायत. आई घरी येऊन म्हणाली, "याच्यापेक्षा काहीच येत नव्हतं ते बरं होतं." तरी ताट तिनं झाकलं नाही.

आणि एका सकाळी ती डब्यातला गवती चहा विळीवर कापत बसली होती. मी पलीकडं कपडे वाळत घालत होते. विळीचा आवाज थांबला म्हणून मी वळून बघितलं. आईनं हात वर केला होता, कुणी बोलू नये म्हणून करतात तसा. मग तिनं बोटं नाकाशी नेली.

"अहो," तिनं हळूच हाक मारली.

अण्णा तोंडाला साबण लावलेल्या अवस्थेत बाहेर आले. "काय झालं? कापलं का?"

"आला."

"काय आला?"

"वास. पाटावरचा." तिनं पुन्हा बोटं हुंगली. "गेला. पण आला होता. खराच आला होता."

 अण्णा ओट्यापाशी गेले आणि शेगडीचा प्लग, जो मुळात लावलेलाच नव्हता, हातात घेऊन त्याचे स्क्रू तपासत उभे राहिले. त्यांची पाठ आमच्याकडं होती. साबण गालावर वाळून गेला तरी ते वळले नाहीत.

त्यानंतर गवती चहा तिला यायचा-जायचा. मग बराच वेळ राहायला लागला. लवंग आली. गुलाब आला नाही. पुढची थंडी आली, अण्णा पुन्हा पहाटेच्या बसनं जायला लागले, रविवारी पुन्हा पातेलं चढलं. "तुला गुलाब येईपर्यंत मी पाणी काढणार," ते म्हणायचे. "मला काय दुसरं काम आहे?"

त्या वर्षीच्या वैशाखात ते गेले. दुपारी जेवून आडवे झाले आणि मी चहाला उठवायला गेले तर उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच झालं, त्रास झाला नसेल.

दहावा, तेरावा, माणसांची ये-जा, सगळं झालं. घर रिकामं झालं त्या दिवशी आई खुंटीपाशी उभी होती. खुंटीला अण्णांचा निळा शर्ट होता, ते गेले त्याच्या आदल्या दिवशी घालून काढलेला. तिनं तो काढला आणि दोन्ही हातांनी तोंडावर धरला. बराच वेळ. मी दारात उभी होते. तिनं शर्ट खाली घेतला तेव्हा तिचा चेहरा कोरडा होता आणि मला त्याचीच भीती वाटली.

"काहीच नाय," ती म्हणाली. मग शर्ट माझ्याकडं केला. "तू सांग. कसा येतो?"

मी शर्ट नाकाला लावला. 

"घामाचा. उन्हातून आल्यावरच्या घामाचा, थोडा आंबूस. कपड्याच्या साबणाचा. कॉलरला डोक्याच्या तेलाचा."

"अजून?"

"बाहीला गवती चहा. आणि लोखंडासारखं काही तरी."

"किल्ल्या," आई म्हणाली. "खिशात किल्ल्या ठेवायचे." आणि तेव्हा ती रडली. आम्ही दोघी तिथंच खाली बसलो.

दोन-तीन दिवसांनी तिनं मला विचारलं, "पाकळ्यातला वास निघतो पाण्यात. शर्टातला निघंल का गं?"

असं विचारताना ती वेडी झाली नव्हती. इतके रविवार तिनं वाफेवर वास वर चढताना आणि थेंबाथेंबानं उतरताना बघितला होता. मी तिला खरं तेच सांगितलं, की नाही निघणार. उकळत्या पाण्यात शर्टाचं जे आहे तेही विस्कटून जाईल आणि हाती येईल ते धुणं उकळल्याचं पाणी. ती मान हलवत ऐकत राहिली.

"मग तू हुंगून ठेव," ती म्हणाली. "मला वास आला की सांगशील, बरोबर येतो का ते."

आम्ही शर्ट घडी करून स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवला. दर थोड्या दिवसांनी आई डबा माझ्यापुढं ठेवायची आणि मी हुंगून सांगायचे. आधी घाम गेला. मग गवती चहा. कॉलरचं तेल सगळ्यात जास्त टिकलं. दिवाळीच्या सुमारास एकदा मी डबा उघडला तर आत स्टीलच्या डब्याचाच वास होता. आई समोर बसली होती.

"येतो," मी म्हणाले.

गुलाबाच्या बाबतीत मी तिच्याशी एकदाही खोटं बोलले नव्हते. तिनं माझ्याकडं नीट बघितलं आणि झाकण लावून घेतलं.  त्यानंतर तिनं डबा माझ्यापुढं ठेवला नाही.

मार्गशीर्षात एका रविवारी सकाळी मी उठले तर तो निळा शर्ट अंगणात दोरीवर होता, धुतलेला, पाणी निथळत.

"आई?"

"काय ठेवायचं डब्यात घालून," ती म्हणाली. "तुला येत नव्हता, मला कळलं होतं. खोटं बोलताना तू वर बघतीस. तुझ्या बापासारखी." मग तिनं ओट्यावरून जुनं प्लास्टिक काढलं, शेगडी फडक्यानं पुसली आणि वायर कुठं उंदरानं कुरतडलीय का ते बोटांनी चाचपून बघितलं. पातेलं घासून ठेवलेलं होतं. "पुढल्या रविवारी बस कितीची आहे?"

आता दोन थंड्या झाल्या, आम्ही दोघी जातो. पहिली बस पकडली तर उजाडायच्या सुमारास खुलताबादला पोचता येतं. ती शेतकरीण बाई आईला ओळखते. पहिल्या खेपेला तिनं अण्णांची चौकशी केली, आईनं सांगितलं, आणि तिनं पाकळ्या मोजून झाल्यावर वर आणखी दोन ओंजळी घातल्या. मोजल्याशिवाय. ऊन चढायच्या आत फुलं तोडून झालेली असतात. पाकळ्या सुती पिशवीत घ्यायच्या, दाबायच्या नाहीत, पिशवीचं तोंड सैल ठेवायचं. नाहीतर आतल्या आत तापतात आणि काळ्या पडतात.

गेल्या रविवारी परतीच्या बसमध्ये आईला खिडकी मिळाली होती. घाट उतरताना तिनं मांडीवरची पिशवी उघडली आणि चेहरा आत घातला. पुढच्या बाकावरचा एक माणूस वळून बघत होता. ती बराच वेळ तशीच राहिली. वर आली तेव्हा तिच्या नाकाच्या शेंड्याला एक पाकळी चिकटली होती.

"आला?" मी विचारलं.

"अजून नाय," ती म्हणाली. पाकळी बोटानं काढून तिनं पिशवीत टाकली. "थंडी अजून महिनाभर हाय."

घरी पोचल्यावर मी शेगडी जोडली आणि ती बर्फ फोडायला बसली.